घडी कुठल्या बाजूने घातली होती?

बेडरूमचं रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र, कुणी तपासायला पाठवलं की मी आधी दुलई बघते. हेडबोर्ड, उशा, बाजूच्या टेबलावरचा दिवा हे सगळं नंतर. लाकूड, काच, भिंतीचा रंग आता बहुतेकांना जमतात. तयार मटेरियल मिळतात आणि ती खरोखर चांगली असतात. कापडही तयार मिळतं, हवं तितकं मिळतं. पण ते मुळात दुसऱ्याच कुणाच्या पलंगावर पसरलेलं असतं. उचलून आपल्या पलंगावर आणलं की त्यातली एखादी सुरकुती नेमकी कशामुळे पडली, हे सांगता येत नाही. आणि बघणाऱ्याला ते शब्दांत मांडता आलं नाही, तरी खटकतं.

सुरकुती म्हटलं की आपण सगळं एकाच पिशवीत टाकतो. पलंगावरच्या कापडात मात्र तीन वेगवेगळी कामं चाललेली असतात. कापड कडेवरून खाली लोंबतं तेव्हा त्याला मोठ्या, सैल चुण्या पडतात, त्या वजनामुळे. कुणीतरी ते ओढून गादीखाली खोचलेलं असतं, तिथे ताणाच्या बारीक रेघा येतात. त्या खोचलेल्या जागेकडून निघतात. आणि तिसरी असते घडी. कपाटात किंवा पाकिटात ते कापड दुमडून ठेवलेलं असतं, त्याची खूण. पहिल्या दोन गोष्टी सिम्युलेशन, म्हणजे कापड कसं पडेल याचा संगणकाने केलेला हिशेब, आपोआप करून देतं. तिसरी देत नाही, कारण सिम्युलेशनच्या दृष्टीने कापड आत्ताच जन्माला आलेलं असतं. त्याला कपाट माहीत नाही.

लिननच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट सोडून चालत नाही. जवसाच्या झाडाच्या खोडातला हा धागा मोठा ताठ. तुटण्याआधी तो जेमतेम दोन-तीन टक्के लांबतो. दुमडल्यावर लोकर जशी उसळून परत येते, तसा तो येत नाही. तो मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो. दुमडल्यावर त्यातल्या साखळ्यांमधले हायड्रोजनचे बंध सुटतात आणि नव्या, दुमडलेल्या जागीच परत जुळतात. ओलावा असेल तर हे आणखी सहज होतं, म्हणून इस्त्रीच्या वाफेने घडी बसतेही आणि मोडतेही. सॅटिन किंवा जर्सीच्या दुलईवर घडीच्या रेघा दाखवल्या तर कुणी विश्वास ठेवणार नाही. लिननवर त्या नसतील तर ते लिनन वाटत नाही, जाडसर सुती कापड वाटतं. मग वीण कितीही बारकाईने दाखवा.

तर आता एक पलंग घेऊ. गादी १८० सेंमी रुंद, २०० सेंमी लांब. दुलईची खोळ २४० रुंद आणि २२० लांब, पांढऱ्याकडे झुकणाऱ्या लिननची. ही खोळ कुणीतरी रुंदीत दुमडून १२० केली, पुन्हा दुमडून ६० केली. मग लांबीत २२० ची ११०, आणि ११० ची ५५. हातात आला ६० बाय ५५ चा गठ्ठा. तो उलगडला की तीन उभ्या रेघा आणि तीन आडव्या रेघा दिसतात. इथपर्यंत सगळेच येतात. बरेच जण बारीक रेघांची एक जाळी काढतात, ती उंचीचा नकाशा म्हणून लावतात आणि सगळ्या रेघा सारख्याच वर उठवतात. दुलईवर चौकटी येतात. काही दिवस मला ते नुसतंच ‘काहीतरी चुकतंय’ एवढं जाणवायचं. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्या टेबलापाशी उभं राहून विचारलं, “घडी कुठल्या बाजूने घातली होती?” आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. त्यांची ही सवयच.

कागदाचा एक तुकडा घ्या आणि खोळीसारखाच दुमडा: आधी रुंदीत दोनदा, मग लांबीत दोनदा. उलगडून टेबलावर ठेवा आणि प्रत्येक रेघेवरून बोट फिरवा. रुंदीच्या पहिल्या घडीची, मधली रेघ वरपासून खालपर्यंत आत दबलेली लागते. तिच्या बाजूच्या दोन रेघांपैकी एक दबलेली आणि एक उठलेली, कारण दुसऱ्यांदा दुमडताना एक थर पालथा होता. या तिन्ही उभ्या रेघा आपापली जात शेवटपर्यंत सोडत नाहीत. आडव्या रेघांचं तसं नाही. त्या नंतर पडल्या, चार थर एकत्र दुमडून. त्यामुळे आडवी रेघ प्रत्येक उभ्या रेघेपाशी बाजू बदलते: दबलेली, उठलेली, दबलेली, उठलेली. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे निघणाऱ्या चार फांट्यांपैकी तीन एका जातीच्या असतात आणि एक उलट. कागदाच्या घड्यांच्या गणितात याला मायेकावाचा नियम म्हणतात. एका बिंदूभोवती सपाट दुमडलेल्या कागदात दबलेल्या आणि उठलेल्या घड्यांच्या संख्येत नेहमी दोनचाच फरक राहतो. एकदा हे बोटाने कळलं की एकजात वर उठलेल्या जाळीकडे बघवत नाही.

आणखी एक गोष्ट कागद सांगत नाही, कापड सांगतं. खोळ म्हणजे मुळात दोन थर. रुंदीत दोनदा दुमडल्यावर आठ, लांबीत एकदा दुमडल्यावर सोळा. शेवटची घडी पडते ती या सोळा थरांवर. अगदी आतला थर करकचून दुमडतो आणि त्यावर धारदार रेघ उमटते. बाहेरच्या थराला मात्र पंधरा थरांना वळसा घालून जायचं असतं, म्हणून तो नुसता वाकतो. त्यामुळे शेवटच्या घडीच्या रेघा पट्ट्यागणिक कमीजास्त धारदार असतात. पहिली, मधली उभी रेघ सगळीकडे जवळपास सारखी. नकाशा काढताना मी प्रत्येक तुकड्याची उंची वेगळी ठेवते. शेवटच्या आडव्या रेघेच्या एखाद्या तुकड्याला जवळजवळ शून्य देते. तिथे रेघ तुटल्यासारखी दिसते, आणि तशीच ती दिसायला हवी.

आता ही खोळ पलंगावर टाकू. रुंदीला दोन्हीकडे ३० सेंमी लोंबेल, म्हणजे मधली उभी रेघ पलंगाच्या मध्यावर आणि बाजूच्या दोन रेघा गादीच्या कडांपासून ३० सेंमी आत. पायथ्याशी ३० सेंमी लोंबत सोडली, १५० सेंमी गादीवर पसरली आणि उरलेले ४० सेंमी उशांच्या अलीकडे उलटे दुमडले. आडव्या रेघा खालून ५५, ११० आणि १६५ वर. उलटलेली पट्टी दुलईच्या १४० ते १८० या भागावर बसते, म्हणजे १६५ ची रेघ तिच्याखाली गडप. दिसणार दोनच. आणि त्या उलटलेल्या पट्टीवर आपल्याला खोळीचा खालचा थर दिसतो, तोही पालथा. वर जी मधली रेघ दबलेली होती ती इथे उठलेली, जी उठलेली होती ती दबलेली. रेघ दुमडीपर्यंत येते आणि पलीकडे उलटी होऊन पुढे जाते. मोठ्या प्रिंटमध्ये हा एवढासा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. तो मुद्दाम कुणी बघत नाही, पण हाच भाग चुकीचा असला की पट्टी वेगळ्याच कापडाची वाटते.

दुलई अगदी मध्यावर टाकू नये, असंही मी म्हणेन. हाताने अंथरलेली दुलई तीन-चार सेंमी इकडे-तिकडे असतेच, आणि मधली घडी हेडबोर्डच्या मध्याशी तंतोतंत जुळली की मोजपट्टी लावल्यासारखं दिसतं. हा माझा हट्ट समजा.

हे प्रत्यक्षात करायचे दोन मार्ग. मार्व्हलस डिझायनर या कापडाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्नवर घडीच्या जागी आतल्या रेघा काढायच्या आणि प्रत्येक तुकड्याला Fold Angle द्यायचा. १८० म्हणजे सपाट. मी एका जातीला १६५ च्या आसपास आणि उलट जातीला १९५ च्या आसपास ठेवते. त्यापलीकडे गेलं की दुलईचं अकॉर्डियन होतं. इथे अडचण येते ती संगणकातलं कापड ज्या बिंदूंचं बनतं त्या जाळीच्या बारकाव्याची. Particle Distance मुळात २० मिमी असतो, म्हणजे कापडावर दर दोन सेंमीला एक बिंदू. घडीची रेघच दीड-दोन सेंमी रुंद असेल तर दोन बिंदूंच्या मध्ये ती हरवणारच. ५ मिमीवर आणलं की ती दिसू लागते, पण एका थरावरचे बिंदू सुमारे १३ हजारांवरून २ लाख ११ हजारांवर जातात, सोळापट. म्हणून आधी २० वर दुलई पडू द्यायची, ती शांत झाली की १० वर आणि अगदी शेवटी ५ वर. सुरुवातीपासून ५ वर ठेवलं तर संगणक तासन्‌तास राबतो आणि कापड रबरासारखं ताणलेलं दिसतं, कारण बारीक जाळीत ताण पुढे पोचायला जास्त आवर्तनं लागतात. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्येही तेच होतं. तिथे Quality Steps वाढवून ते थोडं आवरता येतं.

दुसरा मार्ग म्हणजे फक्त मोठं लोंबणं सिम्युलेशनमध्ये करायचं आणि घड्या उंचीच्या नकाशातून डिस्प्लेसमेंटने, म्हणजे नकाशाप्रमाणे पृष्ठभाग वर-खाली सरकवून, आणायच्या. नकाशात मधला राखाडी म्हणजे सपाट. दबलेली रेघ त्याहून काळी, उठलेली त्याहून पांढरी. हा मार्ग सोपा, आणि पॅटर्न सपाट असतानाच नकाशा बसत असल्याने घडी बरोबर कापडासोबत वळते. तोटा एवढाच की गादीच्या कडेला, जिथे दुलई वळून खाली येते, तिथे खऱ्या घडीमुळे कापड किंचित वेगळ्या जागी मोडतं. डिस्प्लेसमेंटला ते कळत नाही. कॅमेरा कडेजवळ असेल तर पहिला मार्ग, नाहीतर दुसरा.

इतकं करूनही पहिल्या रेंडरमध्ये घडी दिसत नाही, असं हमखास होतं. मग लोक तिची उंची वाढवत जातात; दोनाची पाच मिमी, पाचाची दहा. दुलई पत्र्याची दिसू लागते. घडी कमी उंच नसते, उजेड चुकीच्या बाजूने येत असतो.

दोन मिमी उंच आणि दोन सेंमी रुंद उठलेली घडी धरू. तिच्या दोन्ही उतारांचा कोन साधारण ११ अंश. छतावरचा एखादा दिवा दुलईशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर दिव्याकडचा उतार सपाट भागापेक्षा ९ टक्के उजळ दिसतो आणि पलीकडचा १३ टक्के अंधारा. पांढऱ्या कापडावर एवढा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. आता खिडकी घ्या. तिचा मध्य दुलईपेक्षा ८० सेंमी वर आणि ३ मीटर दूर असेल, तर उजेड सुमारे १५ अंशांनी घासत येतो. त्याच घडीचा खिडकीकडचा उतार सपाट भागाच्या १.७ पट उजळतो, आणि पलीकडच्या उतारावर साधारण पावच उजेड उरतो. घडी तीच, उंची तीच. खरी खिडकी रुंद असते आणि उजेड भिंतींवरून परतूनही येतो, म्हणून फरक इतका टोकाचा राहत नाही. पण दिशा हीच. लिनन दाखवायचं असेल तर आधी छताचे दिवे बंद करून बघावं.

यात एक पेच आहे. खिडकी पलंगाच्या नेमकी बाजूला असेल तर उजेड रुंदीतून वाहतो, आणि फक्त उभ्या रेघा उठून दिसतात. आडव्या रेघा उजेडाला समांतर, त्यांचे दोन्ही उतार सारखेच उजळतात आणि त्या जवळपास नाहीशा होतात. मग त्यांचं बाजू बदलणं कुणाला दिसणार? म्हणून उजेड थोडा पायथ्याच्या कोपऱ्याकडून, तिरपा यायला हवा. खिडकी हलवता येत नसेल तर उन्हाची दिशा किंवा भोवतालचा उजेड देणारं एचडीआरआय चित्र तीस-चाळीस अंश फिरवून बघायचं. तेवढ्याने आडव्या रेघाही जाग्या होतात.

पांढऱ्या रंगाबद्दल थोडकंच. लिननला २५५ चा पांढरा दिला की उजेड खोलगट भागात आपटून पुन्हा पुन्हा परततो आणि सावल्या भरून काढतो. घडी धुऊन निघते. २३० च्या आसपास ठेवलं तर कापड पडलेल्या उजेडाचा सुमारे ७९ टक्के परत फेकतं, म्हणजे दर उडीला पाचवा हिस्सा गळतो, आणि सावलीला जागा मिळते. ते राखाडी दिसेल अशी भीती वाटते, पण एक्स्पोजर वाढवलं की पुन्हा पांढरंच दिसतं, फक्त आता त्याला अंग असतं. शेवटी रेंडरमधले दाणे पुसणारा डीनॉइझर चालवताना मात्र जपून. दाणे जास्त असतील तर तो वीण आणि बारीक घड्या पुसून टाकतो, आणि दुलईला आपल्या नकळत इस्त्री होते. आधी प्रत्येक पिक्सेलमागचे नमुने वाढवून मग हलका डीनॉइझ, हा क्रम परवडला.

उशांचं गणित वेगळं आहे. चौकोनी कापडाचे दोन सपाट तुकडे शिवून आत भरलं की मध्य फुगतो, पण कापड ताणत नाही. मग त्याला लागणारी जागा कडा आत ओढून भरून निघते. म्हणून भरलेल्या उशीच्या कडा मध्यभागी आत वळतात, कोपरे कानांसारखे बाहेर राहतात, आणि कडेच्या मध्यावर शिवणीला काटकोनात बारीक चुण्या पडतात. गोळ्याला ताणून केलेली उशी ओळखायची तर तिची कड बघावी: ती सरळ आणि गुळगुळीत असते. सिम्युलेशनमध्ये सपाट तुकडे शिवून आत दाब दिला की हे सगळं आपोआप येतं, फक्त कडेजवळची जाळी बारीक हवी. वरच्या कडेवर हाताने मारलेला तो खोलगट घाव मला व्यक्तिशः नकोसा झाला आहे. आणि तो दाखवायचाच असेल तर आत पिसं आहेत असं धरावं लागतं. फोमच्या उशीत तो क्षणभरही टिकत नाही.

एकावर एक लावलेल्या उशांत खरी परीक्षा असते ती वजनाची. मागे ६५ च्या दोन चौकोनी, पुढे झोपायच्या ५० बाय ७५ च्या दोन, सगळ्यात पुढे ३० बाय ५० ची एक लांबट. त्या मागून पुढे, एकेक करून पडू द्यायच्या, म्हणजे पुढची मागचीला खरोखर दाबते. तयार उशा उचलून जागेवर ठेवल्या तर त्या एकमेकींत घुसतात किंवा टेकतात, दाबत नाहीत. फरक बुडाशी दिसतो. खऱ्या उशीखाली गादी आणि दुलई थोडी बसते, कापडाचा काठ उशीभोवती चढतो आणि सावली हळूहळू गडद होत आत जाते. नुसत्या ठेवलेल्या उशीखाली एक बारीक काळी रेघ असते, जणू उशी खालच्या कापडाला चिकटलेली नाहीच.

हेडबोर्डवर मी फार वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट तपासते. गादीकामाचं कापड साधारण १४० सेंमी पन्ह्याचं येतं. १९० सेंमी रुंद हेडबोर्ड एका सलग, विनाशिवणीच्या कापडाने मढवलेला असेल, तर कारागिराने ते कापड आडवं फिरवूनच लावलेलं असणार. मग त्याच्या विणीतल्या गाठींच्या जाड रेषाही आडव्या-उभ्या बदलायला हव्यात, आणि मखमल असेल तर लवेची दिशाही. रेंडरमध्ये टेक्स्चर नेहमीच्याच दिशेला पसरलेलं असतं आणि शिवण कुठेच नसते; इतक्या पन्ह्याचं गादीकामाचं कापड सहसा मिळत नाही. उभ्या फुगीर पट्ट्यांच्या हेडबोर्डमध्ये ही अडचण आपोआप सुटते, कारण प्रत्येक दोन पट्ट्यांच्या खाचेत जोड लपवता येतो. लिननच्या दुलईमागे मी बहुधा तोच सुचवते. बटणांचा हेडबोर्ड असला की त्याच्या चुण्या आणि दुलईच्या घड्या नजर मागण्यासाठी भांडतात, आणि दुलई हरते.

ग्राहकांपैकी निम्म्यांना घड्याच नको असतात. “इस्त्री केलेली दाखवा,” असं ते म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. फोटो काढतानाही वाफ मारून घड्या मोडतातच. अशा वेळी मी आडव्या रेघा काढून टाकते, मधली उभी एक तृतीयांशावर आणते, आणि कडेच्या चुण्या आहेत तशा ठेवते. वाफ मारणारा माणूस वरचा सपाट भाग मोडतो, बाजूला लोंबणाऱ्या भागाकडे त्याचं लक्ष जात नाही, आणि उशांखालून घडी मोडत बसायला त्याला वेळ नसतो. चित्र वेबसाइटवर बोटाएवढं दिसणार असेल तर यातलं काहीच करायची गरज नाही. तेव्हा फक्त दुलईचं लोंबणं आणि उशांखालची सावली नीट बघावी, बाकी वेळ वाचवावा.